ॲपने दाखवलेली तारीख आणि रजेचा अर्ज

*मी 31 वर्षांची आहे. सोलापुरात सासू-सासऱ्यांसोबत राहते आणि एका बालवाडीत शिकवते. पती नोकरीनिमित्त हैदराबादला असतात. आठ महिन्यांपासून आम्ही बाळासाठी प्रयत्न करत आहोत. फोनमधले पाळीचे ॲप ओव्ह्युलेशनचा जो दिवस दाखवते, तो आणि त्याच्या पुढचा असे दोन दिवस धरून पती रजा काढून येतात. ॲपवर ‘सरासरी चक्र 30 दिवस, फरक ±3 दिवस’ असे लिहिलेले असते. मागची आठ चक्रे तिथे अशी दिसतात : 27, 33, 29, 31, 28, 36, 30, 26. यातल्या 28 नंतर जी पाळी आली, तिच्या आधी तीन दिवस नुसते डाग दिसत होते; मी पहिल्या डागालाच नोंद केली. पुढे 36 च्या वेळी ‘पाळी सहा दिवस उशिरा’ असे पडद्यावर आले आणि घरात सगळ्यांना वाटले की दिवस राहिले. मग पाळी आली. त्यानंतर दोन दिवस मी शाळेत जाऊ शकले नाही. माझ्यात काही दोष आहे का? ॲप बदलू का, की आहे त्याच ॲपप्रमाणे आणखी काटेकोर वागून पाहू?*

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य डागांबद्दलचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नेहमीसारखा रक्तस्राव सुरू झाल्याचा, पॅड घ्यावेच लागते असा दिवस. त्याआधीचे तपकिरी किंवा गुलाबी डाग हे आधीच्या चक्राचे शेवटचे दिवस असतात. तुम्ही पहिल्या डागाला नोंद केल्यामुळे त्या पाळीची तारीख तीन दिवस अलीकडे सरकली. तिच्या आधीचे चक्र तीन दिवसांनी आखूड झाले आणि नंतरचे तेवढेच लांबले. नोंद दुरुस्त केली तर 28 चे 31 होतात आणि 36 चे 33. म्हणजे ज्या सहा दिवसांच्या उशिराने घरभर आशा लागली, त्यातले तीन दिवस मुळात उशिराचे नव्हतेच, आणि उरलेले तीन तुमच्या शरीराच्या नेहमीच्या चढउतारात सहज बसतात. ॲपच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन त्या तीन दिवसांवरची पाळीची खूण काढा आणि तिथे फक्त डाग असल्याची, म्हणजे स्पॉटिंगची, नोंद करा.

ही दुरुस्ती केल्यावर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. सरासरी जराही हलणार नाही. आधी आठ चक्रांची बेरीज 240 होती, आताही 240 च आहे, आणि सरासरी तीच 30. कारण सरासरी म्हणजे पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंतचे एकूण दिवस भागिले चक्रांची संख्या. मधली एखादी तारीख मागेपुढे झाली तरी तिला पत्ताही लागत नाही. चुकीचा परिणाम दिसतो तो फक्त फरकात. तुमच्या सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब चक्रांतील अंतर आधी दहा दिवस दिसत होते, ते आता सात दिवसांवर आले. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार 24 ते 38 दिवसांनी येणारी पाळी सामान्य मानली जाते, आणि 26 ते 41 या वयात आखूड व लांब चक्रांत सात दिवसांपर्यंतचे अंतर नियमित पाळीतच धरले जाते. तुम्ही त्या मर्यादेच्या आत आहात, अगदी काठावर असलात तरी आत. दोषाची शंका तुमच्या मनात घालण्यात त्या तीन डागांचा मोठा वाटा आहे.

आता पडद्यावरच्या त्या ओळीकडे वळू. ‘सरासरी 30’ असे वाचले की तिसाव्या दिवशी पाळी यायला हवी आणि आली नाही तर काही बिघडले आहे, असे आपण नकळत समजतो. तुमच्याच यादीत पाहा, आठ चक्रांपैकी नेमके 30 दिवसांचे चक्र एकच आहे. ±3 या आकड्याचा अर्थही ॲपगणिक वेगळा असतो. काही ॲप सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब चक्रांतील अंतराचे अर्धे दाखवतात, तर काही संख्याशास्त्रातील प्रमाण विचलन दाखवतात. दुसऱ्या प्रकारात ढोबळमानाने तीनपैकी दोन चक्रे त्या पट्ट्यात बसतात आणि तिसरे बाहेर जाऊ शकते. तुमच्या मूळ नोंदींत 27 ते 33 या पट्ट्याबाहेर दोन चक्रे होती. म्हणजे ±3 ही ॲपने दिलेली हमी नसून मागच्या काही महिन्यांत तुमच्या तारखा सरासरीपासून साधारण किती सरकल्या, याची ती मोजदाद आहे.

पण तुमच्या घराची सगळी धावपळ पाळीच्या तारखेवर चालत नाही, ती चालते ओव्ह्युलेशनच्या दिवसावर, आणि तो अंदाज पाळीच्या अंदाजापेक्षाही कच्चा असतो. का, ते सांगते. स्त्रीबीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, हे 1920 च्या दशकात जपानमधील डॉ. क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातील डॉ. हेरमान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवले. बहुतेक ॲप आजही हाच हिशेब करतात : पुढच्या पाळीच्या अंदाजातून चौदा दिवस मागे मोजतात. तुमच्या बाबतीत 30 वजा 14, म्हणजे सोळावा दिवस. यातली गोम अशी की येऊन गेलेल्या पाळीपासून मागे मोजणे वेगळे आणि अजून न आलेल्या पाळीपासून मागे मोजणे वेगळे. शरीरात क्रम उलटा असतो. आधी बीज सुटते आणि ते कधी सुटले यावरून पाळीची तारीख ठरते. बीज चार दिवस उशिरा सुटले तर पाळीही चार दिवस उशिरा येते. ॲप मात्र आधी पाळीची तारीख गृहीत धरते आणि तिच्यावरून बीजाचा दिवस सांगते. या महिन्यात तुमच्या बीजकोशात काय चालले आहे, याची एकही खबर तुम्ही त्याला दिलेली नसते, त्यामुळे त्याच्याजवळ असतो तो फक्त मागच्या महिन्यांचा गोषवारा.

एका ॲपवरील सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी 29.3 दिवस आढळली. बीज सुटण्यापर्यंतचा पूर्वार्ध सरासरी 16.9 दिवसांचा आणि त्यानंतरचा उत्तरार्ध 12.4 दिवसांचा. चक्रे लहानमोठी होतात ती मुख्यतः पूर्वार्ध लहानमोठा झाल्यामुळे. शिवाय ज्या चौदा दिवसांवर ॲपचा हिशेब उभा असतो, तो उत्तरार्धही अनेकींमध्ये बारा-तेरा दिवसांचाच असतो. म्हणून सोळाव्या दिवसाची ती खूण दोन्ही बाजूंना चुकू शकते.

तुमच्या दुरुस्त यादीवर हा हिशेब प्रत्यक्ष लावून पाहू या. उत्तरार्ध चौदा दिवसांचा आहे असे ॲपचेच म्हणणे मान्य केले, तर 26 दिवसांच्या चक्रात बीज बाराव्या दिवशी सुटले असणार, 27 च्या चक्रात तेराव्या, 29 च्या चक्रात पंधराव्या, 30 च्या चक्रात सोळाव्या, 31 दिवसांच्या दोन चक्रांत सतराव्या आणि 33 दिवसांच्या दोन चक्रांत एकोणिसाव्या दिवशी. गर्भधारणा होऊ शकते ती बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस अशा सहा दिवसांत. हे 1995 मध्ये अमेरिकेतील 221 स्त्रियांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. शुक्राणू शरीरात काही दिवस तग धरतात, पण बीज मात्र सुटल्यानंतर जेमतेम एक दिवस टिकते, आणि ती वेळ टळली की त्या महिन्यापुरते दार बंद होते.

तुमचे पती येतात सोळाव्या आणि सतराव्या दिवशी. ॲपने प्रत्येक महिन्याला सोळावाच दिवस दाखवला असे धरले, तर 26, 27 आणि 29 दिवसांच्या तीन चक्रांत ते पोहोचण्यापूर्वीच बीज सुटून गेले होते. 30 च्या चक्रात ते अगदी शेवटच्या दिवशी पोहोचले. योग्य वेळ साधली ती उरलेल्या चार चक्रांत, आणि त्यातही 33 च्या दोन्ही वेळी ते दोन-तीन दिवस आधीच येऊन परतले. आठ महिने प्रयत्न केले असे तुम्ही लिहिता, पण खऱ्या अर्थाने संधी मिळाली ती फार तर पाच वेळा. हा कोणाच्या शरीरातला दोष नाही, हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. हे मी तुमची समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांतून ते निघते.

यावर तुमच्यापुढे काही वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे पतींनी खुणेच्या दिवशी न येता दोन-तीन दिवस आधी यायचे. आजच्या व्यवस्थेपेक्षा ती नक्कीच बरी, कारण बीज सुटण्याच्या आधीचे दोन दिवस सर्वांत उपयोगाचे असतात आणि आधी येण्याने होणारे नुकसान उशिरा येण्याच्या नुकसानीपेक्षा कमी असते. तरीही ती अंदाजावरच उभी आहे. बीज एकोणिसाव्या दिवशी सुटणार असेल तर तेराव्या-चौदाव्या दिवशीची भेट फारशी कामाची नाही. दुसरी वाट मला अधिक पटते आणि तिचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. दर वेळी पतींनीच का यावे? बालवाडीला सुट्टी असेल त्या महिन्यात तुम्ही दहाव्या दिवसाच्या सुमारास हैदराबादला जा आणि विसाव्या दिवसापर्यंत तिथे राहा. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर कोणत्याही तारखेचा हिशेब ठेवावा लागत नाही, आणि ‘आज तो दिवस आहे’ हा जो ताण तुम्हा दोघांवर असतो तोही उतरतो. सासूबाईंना विचारणे तुम्हाला अवघड वाटत असेल, तर पतींनीच फोन करून ‘पंधरा दिवस हिला इकडे पाठवा’ म्हणावे. असे निरोप मुलाकडून गेलेले चांगले.

जे महिने असे जमणार नाहीत, त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे : अंदाज बाजूला ठेवून त्या महिन्याची खरी खूण शोधणे. औषधाच्या दुकानात ओव्ह्युलेशन किट मिळते. बीज सुटण्याच्या आधी रक्तातील एलएच हे संप्रेरक एकदम वाढते आणि लघवीत उतरते. ही पट्टी तेच पकडते. पट्टी पॉझिटिव्ह आल्यानंतर साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटते. हैदराबाद-सोलापूर अंतर एका रात्रीच्या प्रवासाचे आहे, त्यामुळे तुमच्यासाठी ही मुदत पुरेशी आहे.

समजा, पाळी 3 नोव्हेंबरला सुरू झाली. तुमच्या सर्वांत आखूड चक्रात बीज बाराव्या दिवशी सुटते, म्हणून त्याच्या तीन दिवस आधी, नवव्या दिवसापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून रोज एक पट्टी वापरायची. वेळ दुपारची किंवा संध्याकाळची, पण रोज तीच ठेवा. त्याआधी दोन तास फार पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी दिसते. गर्भ तपासणीच्या कार्डावर फिकी रेघही मोजली जाते, या पट्टीवर मात्र तसे नसते, आणि बहुतेकींची चूक इथेच होते. तपासणीची रेघ शेजारच्या नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पट्टी पॉझिटिव्ह समजायची. रोजच्या पट्टीचा फोटो काढून ठेवला तर रेघ कशी गडद होत गेली ते ओळीने दिसते. ज्या संध्याकाळी ती गडद दिसेल, त्याच रात्री पतींनी गाडी पकडावी. ॲपची खूण 18 नोव्हेंबरला असेल; तुमची खरी वेळ 14 पासून 21 पर्यंत कधीही येऊ शकते.

पट्टीच्या आधीची एक खूण फुकट मिळते. बीज सुटायच्या काही दिवस आधी अंगावरून जाणारे पांढरे बदलते. आधी ते चिकट किंवा दाट असते, मग कच्च्या अंड्यातील पांढऱ्या भागासारखे पारदर्शक आणि बुळबुळीत होते, आणि दोन बोटांत धरून ताणले तर तार न तुटता लांबते. ही तार दिसू लागली की पतींना सांगून ठेवा, म्हणजे ऑफिसात रजेची आगाऊ कल्पना देता येईल. जमले तर त्यांनी त्याच दिवशी निघावे, पट्टीची वाटही पाहू नये, कारण हे दिवस त्या सहा दिवसांतलेच असतात.

या पट्टीच्या मर्यादाही लक्षात ठेवा. एलएच वाढले म्हणजे बीज सुटलेच, असे ती सिद्ध करत नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये एलएच एरवीही वाढलेले असू शकते, त्यामुळे पट्टी अनेक दिवस पॉझिटिव्ह दाखवते आणि फसवते. सलग दोन महिने विसाव्या दिवसापर्यंत रेघ एकदाही गडद झाली नाही, किंवा ती आठवडाभर गडदच राहिली, तर पट्ट्यांवर आणखी पैसे घालवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे फॉलिक्युलर स्टडी करून घ्या. त्यात काही दिवसांच्या अंतराने सोनोग्राफी करून बीज वाढते आहे का आणि फुटले का, ते प्रत्यक्ष पाहतात.

ॲप बदलण्याने काही साधणार नाही, कारण दुसरे ॲपही याच आठ तारखांवर चालेल. उलट नव्या ॲपमध्ये जुन्या नोंदी भरल्या नाहीत, तर ते बहुधा 28 दिवसांचे ठरीव चक्र धरून सुरुवात करील. आहे तेच ठेवा, फक्त त्याच्याकडून मागायचे काय ते बदला. तारखांची वही म्हणून ते उत्तम आहे. नवी खूण कोणत्या दिवसापासून शोधायला लागायचे, हेही ते चांगले सांगते. पट्टीचा निकाल नोंदवायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. तो भरला की अंदाज मागच्या सरासरीऐवजी त्या महिन्याच्या खुणेवर बसू लागतो. एखाद्या महिन्याची नोंद राहून गेली तर दोन चक्रे मिळून साठ दिवसांचे एक चक्र तयार होते आणि सगळा अंदाज बिघडतो, तेवढे सांभाळा.

हे वाचणाऱ्या काही जणी हाच पडदा मूल नको म्हणून वापरत असतील. त्यांना इथेच सांगते की तसे करू नका. 26 ते 33 दिवसांची चक्रे असलेल्या स्त्रीने जुन्या कॅलेंडर पद्धतीने जोखमीचे दिवस काढले, म्हणजे आखूड चक्रातून 18 आणि लांब चक्रातून 11 वजा केले, तर आठव्यापासून बाविसाव्यापर्यंतचे सगळे दिवस जोखमीचे ठरतात. ॲप मात्र रंगवते जेमतेम सहा-सात दिवस. उरलेल्या बिनरंगाच्या दिवसांना सुरक्षित समजणे हे साध्या अंदाजावर फार मोठे ओझे टाकणे आहे, आणि तो ते पेलू शकत नाही.

‘पाळी उशिरा’ या सूचनेबद्दल. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ती आजच बंद करा. 3 नोव्हेंबरच्या पाळीनंतर ॲप 3 डिसेंबर ही तारीख दाखवील, पण तुमच्या स्वतःच्या इतिहासाप्रमाणे पाळी 29 नोव्हेंबर ते 6 डिसेंबर यांपैकी कोणत्याही दिवशी आली तरी ती वेळेवरच आलेली असेल. गर्भ तपासणीचे कार्ड 7 डिसेंबरपूर्वी वापरू नका. पट्टी पॉझिटिव्ह आल्याची तारीख माहीत असेल, तर तिच्यानंतर सोळा दिवसांनी तपासणी केली तरी चालेल. आणि त्याआधी घरात कोणाला काही सांगायची गरज नाही. तुमची तारीख कोणती, हे सगळ्यांना ठाऊक असलेच पाहिजे असे नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. हुकलेले महिने वजा करून हे वर्ष लांबवत बसू नका. बारा महिने झाले की जा. चक्रांतील अंतर पुन्हा सात दिवसांपलीकडे जाऊ लागले तर त्याआधीच जा. तेव्हा तुमची थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी होईल. मात्र एका तपासणीसाठी वर्षभर थांबायचे काही कारण नाही, आणि ती तुमची नसून पतींची आहे. वीर्यतपासणी हैदराबादच्या कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळलेले असावे, एवढीच पूर्वतयारी लागते. तुम्ही दोष शोधताना फक्त स्वतःकडे पाहिलेत, म्हणून पुढची रजा मागण्याआधी पतींनी ही तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.